बोनस सगळ्यांना १७,९५१ रुपये, मग कुणाच्या हातात पूर्ण, कुणाच्या अर्धवट आणि कुणाच्या शून्य का?

दसरा-दिवाळीच्या आसपास व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो: "बोनसवर सरकार ३० टक्के टॅक्स कापतं." त्याखाली दोन प्रकारची उत्तरं येतात. एक म्हणतो, माझा तर रुपयाही कापला नाही. दुसरा म्हणतो, माझा जवळजवळ सगळाच गेला. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

बोनसवरचा कर कसा लागतो हे समजून घ्यायला खान्देशात एक चांगलं उदाहरण आहे. ते म्हणजे रेल्वेचा बोनस.

भुसावळचं उदाहरण का?

मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाचं मुख्यालय जळगाव जिल्ह्यात आहे. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव ही स्थानकं आणि चाळीसगाव-धुळे हा फाटा याच विभागात येतो. दरवर्षी दसऱ्याच्या आधी केंद्रीय मंत्रिमंडळ रेल्वे कर्मचाऱ्यांचा उत्पादकता-आधारित बोनस मंजूर करतं. २०२५ मध्ये २४ सप्टेंबरला ७८ दिवसांच्या पगाराइतका बोनस मंजूर झाला. देशभरातल्या सुमारे १० लाख ९१ हजार अराजपत्रित कर्मचाऱ्यांसाठी ही रक्कम होती आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त १७,९५१ रुपये मिळणार होते.

"७८ दिवसांचा पगार" म्हटलं की आकडा खूप मोठा वाटतो. पण हा हिशोब खऱ्या पगारावर होत नाही. बोनससाठी महिन्याचा पगार ७,००० रुपयेच धरला जातो. ७,००० गुणिले १२ म्हणजे वर्षाचे ८४,०००. त्याला ३६५ ने भागलं की दिवसाचे सुमारे २३० रुपये येतात. त्याचे ७८ दिवस म्हणजे १७,९५१ रुपये. त्यामुळे रुळांची देखभाल करणारा ट्रॅकमन असो, स्टेशन मास्तर असो की लोको शेडमधला सीनियर सेक्शन इंजिनिअर, बोनसचा आकडा सहसा एकच असतो.

म्हणूनच हे उदाहरण उपयोगाचं आहे. बोनस सारखा आहे आणि बदलतो तो फक्त पगार. तरीही हातात पडणारी रक्कम १७,९५१ पासून शून्याच्या खालीही जाऊ शकते.

बोनससाठी वेगळा कर असतो का?

नसतो. आयकर कायद्यात बोनससाठी स्वतंत्र दर नाही. बोनस हा पगाराचाच भाग मानला जातो आणि ज्या आर्थिक वर्षात तो हातात येतो, त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवला जातो. रेल्वेचा हा बोनस २०२४-२५ च्या कामाचा असला, तरी तो २०२५ च्या सणासुदीला मिळाला, म्हणून तो २०२५-२६ च्या उत्पन्नात धरला जाईल.

मग तो जास्त कापल्यासारखा का वाटतो? कारण बोनस उत्पन्नाच्या ढिगावर सर्वांत वर जाऊन बसतो. धान्याच्या कोठीत तळापासून थर भरत आणावेत, तसं पगाराचं उत्पन्न स्लॅबमधून वर चढत जातं. खालच्या थरांवर शून्य, पाच, दहा टक्के असे कमी दर असतात, पण ते थर वर्षभराच्या पगाराने आधीच भरलेले असतात. बोनससाठी उरतो तो सर्वांत वरचा थर. त्या थराचा जो दर, तोच बोनसला लागतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बोनसमुळे वरच्या स्लॅबमध्ये गेलं म्हणून आख्ख्या पगारावर वरचा दर लागत नाही. खालच्या थरांचा हिशोब जसाच्या तसा राहतो. नवीन दर लागतो तो फक्त वर चढलेल्या रकमेला. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो पुढे येतो.

२०२५-२६ चे दर

नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी स्लॅब असे आहेत:

- ४ लाखांपर्यंत: शून्य
- ४ ते ८ लाख: ५ टक्के
- ८ ते १२ लाख: १० टक्के
- १२ ते १६ लाख: १५ टक्के
- १६ ते २० लाख: २० टक्के
- २० ते २४ लाख: २५ टक्के
- २४ लाखांच्या वर: ३० टक्के

पगारदाराला आधी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे पगारातून ही रक्कम वजा करूनच स्लॅब लावायचे. जो कर येईल त्यावर आणखी ४ टक्के सेस लागतो. त्यामुळे १५ टक्क्यांचा खरा दर १५.६ होतो आणि ३० टक्क्यांचा ३१.२.

शिवाय करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर येणारा सगळा कर रिबेट म्हणून माफ होतो. म्हणजेच पगाराशिवाय दुसरं उत्पन्न नसेल, तर १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर शून्य.

हातात किती येणार, हे कसं काढायचं?

सूत्र एकच आहे:

हातात येणारा बोनस = बोनस − (बोनससह वर्षाचा कर − बोनसविना वर्षाचा कर)

म्हणजे वर्षाचा कर दोनदा काढायचा, एकदा बोनस धरून आणि एकदा न धरता. दोन्हींतला फरक हाच बोनसवरचा खरा कर. पगाराच्या स्लिपवर त्या महिन्यात किती कापलं गेलं, यावरून हा कर कळत नाही. त्याचं कारण पुढे पाहू.

आता हे सूत्र भुसावळ विभागातल्या चार पदांना लावून पाहू. पदं आणि बोनसची रक्कम खरी आहे. पगाराचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत. ते सरकारचं एनपीएसमधलं योगदान सोडून आहेत आणि पगाराशिवाय दुसरं उत्पन्न नाही असं धरलं आहे.

पहिला: पाचोऱ्याचा ट्रॅकमन, पगार साडेपाच लाख

साडेपाच लाखांतून ७५ हजार वजा केले की करपात्र उत्पन्न ४,७५,००० राहतं. बोनस मिळवला तर ते ४,९२,९५१ होतं. दोन्ही वेळा उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, म्हणून कर शून्य. हातात पूर्ण १७,९५१ रुपये.

जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतल्या बहुतेक कामगारांचं गणितही असंच आहे. चटईच्या कारखान्यात, पाइपच्या कंपनीत किंवा डाळ मिलमध्ये ज्यांना कायद्याप्रमाणे किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो, त्यांचं वर्षाचं उत्पन्न रिबेटच्या मर्यादेच्या खूप खाली असतं. त्यांच्या बोनसमधून आयकर म्हणून रक्कम कापली गेली असेल, तर कारण विचारायलाच हवं. आधी दिलेली उचल वळती केली असेल तर ती वेगळी गोष्ट. तिचा कराशी संबंध नाही.

दुसरा: धुळ्याचा स्टेशन मास्तर, पगार १३ लाख ६० हजार

बोनसविना करपात्र उत्पन्न १२,८५,००० रुपये. पहिल्या १२ लाखांवर कर ६०,००० (४ ते ८ लाखांचे २०,००० आणि ८ ते १२ लाखांचे ४०,०००). वरच्या ८५ हजारांवर १५ टक्क्यांनी १२,७५०. एकूण ७२,७५०, आणि सेस धरून ७५,६६० रुपये.

बोनससह करपात्र उत्पन्न १३,०२,९५० होतं (आयकरात ते जवळच्या दहा रुपयांत धरतात). त्यावरचा कर सेससह ७८,४६० रुपये.

फरक २,८०० रुपयांचा. म्हणजे १७,९५१ मधले १५,१५१ रुपये हातात आले. बोनसवर बसलेला दर बरोबर १५.६ टक्के. वर्षाच्या सगळ्या पगारावर बघितलं तर कर सहा टक्क्यांच्याही खाली आहे, पण बोनस वरच्या थरात असल्याने त्याला १५.६ टक्के लागले.

तिसरा: भुसावळचा ऑफिस सुपरिटेंडेंट, पगार १२ लाख ७५ हजार

मघाशी सांगितलेला अपवाद इथे येतो.

या कर्मचाऱ्याचं करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख आहे. रिबेटमुळे कर शून्य. आता बोनस आला आणि उत्पन्न १२,१७,९५० झालं. १२ लाखांची रेघ ओलांडली की रिबेट संपतो. म्हणजे आधी माफ झालेले ६० हजार पुन्हा मानगुटीवर बसतात आणि त्यात वरच्या रकमेचा कर मिळून ६२,६९२ रुपये होतात. सुमारे १८ हजारांच्या बोनसमुळे ६२ हजारांवर कर!

हा अन्याय टाळण्यासाठी कायद्यात 'मार्जिनल रिलीफ' नावाची सवलत आहे. १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न गेलं असेल, त्यापेक्षा जास्त कर लावायचा नाही, असा तिचा अर्थ. या कर्मचाऱ्याचं उत्पन्न १७,९५० रुपयांनी वर गेलं, म्हणून कर १७,९५० वर थांबतो. पण सेस या सवलतीनंतर लागतो. १७,९५० चे ४ टक्के म्हणजे ७१८. एकूण १८,६६८, दहाच्या पटीत १८,६७० रुपये.

बोनस मिळाला १७,९५१ आणि कर वाढला १८,६७०. हातात काही उरलं तर नाहीच, उलट खिशातले ७१९ रुपये गेले.

हा खड्डा नेमका कुठपर्यंत आहे? पगार १२,७५,००० पासून साधारण १३,४५,५८८ रुपयांपर्यंत. या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया करात जातो आणि वर चार पैसे सेस लागतो. वर्षाला १२ लाख ७५ हजार कमावणारा आणि १३ लाख ४९ हजार कमावणारा, कर भरून झाल्यावर दोघांच्या हातात जवळजवळ सारखेच पैसे उरतात. "माझा सगळा बोनस गेला" असं सांगणारा माणूस बहुधा याच पट्ट्यात असतो. त्याचा दर ३० टक्केही नाही. तो शंभरच्या वर आहे.

या पट्ट्यात असणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, मार्जिनल रिलीफ खरोखर दिली आहे का? वरच्या उदाहरणात वर्षाचा कर १८,६७० च्या ऐवजी ६५,२०० रुपये दिसत असेल, तर कापणाऱ्याने ही सवलत लावायचीच राहून गेली आहे. कार्यालयात दाखवून द्यावं. तोवर वर्ष संपलं असेल, तर रिटर्न भरताना जास्तीचा कर परत मिळतो.

दुसरी, एनपीएसमधल्या सरकारी योगदानाची वजावट. नव्या प्रणालीतही मालकाने किंवा सरकारने भरलेलं योगदान मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होतं. ते पगारात मिळवलं गेलं आणि वजा करायचं राहिलं, तर माणूस उगाचच १२ लाखांच्या वर दिसतो.

तिसरी, मुदत ठेवीचं व्याज. बँकेतल्या किंवा पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याजही याच ढिगावर चढतं. पगार आणि बोनस मिळून रेघेच्या जरा खाली असलेला माणूस व्याजामुळे रेघ ओलांडतो आणि ते त्याला थेट रिटर्न भरताना कळतं.

एक गोष्ट मात्र या कर्मचाऱ्याने अजिबात करू नये. बोनसचा कर वाचवायचा म्हणून मार्चमध्ये घाईघाईने विमा पॉलिसी घेऊ नये. नव्या प्रणालीत विम्याचा हप्ता, पीपीएफ, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज यांची वजावट मिळत नाही. पॉलिसी गळ्यात पडेल आणि कर एका रुपयानेही कमी होणार नाही.

चौथा: लोको शेडचा सीनियर सेक्शन इंजिनिअर, पगार १५ लाख ६० हजार

१५ लाखांच्या पगारावर ३० टक्क्यांची स्लॅब कुठून आली, असा प्रश्न पडेल. उत्तर आहे जुनी करप्रणाली. तिथे ३० टक्क्यांची स्लॅब १० लाखांनाच सुरू होते. ज्यांनी वर्षाच्या सुरुवातीला कार्यालयात जुनी प्रणाली हवी असं कळवलेलं असतं, त्यांचा बोनस त्या दराने कापला जातो.

या इंजिनिअरचं भुसावळमध्ये स्वतःचं घर आहे आणि त्यावर कर्ज आहे असं धरू. जुन्या प्रणालीत त्याच्या वजावटी अशा: प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, भविष्य निर्वाह निधी आणि विमा मिळून १,५०,०००, आरोग्य विमा २५,००० आणि घरकर्जाचं व्याज २,००,०००. एकूण ४,२७,५००. करपात्र उत्पन्न उरलं ११,३२,५००. त्यावर सेससह कर १,५८,३४० रुपये.

बोनस मिळवला की कर १,६३,९४० होतो. फरक ५,६०० रुपये. हातात आले १२,३५१. व्हॉट्सॲपवरचा ३० टक्क्यांचा मेसेज या माणसापुरता खरा आहे.

पण खरा मुद्दा बोनसच्या पुढे आहे. याच इंजिनिअरने नवी प्रणाली घेतली, तर ७५ हजार वजा करून बोनससह करपात्र उत्पन्न १५,०२,९५० होतं आणि वर्षाचा कर १,०९,६६० रुपये येतो. जुन्या प्रणालीपेक्षा तब्बल ५४,२८० रुपये कमी. घरकर्जाचे पूर्ण दोन लाख वजा करूनही जुनी प्रणाली महाग पडली. बोनसमधून गेलेल्या ५,६०० रुपयांची हळहळ करताना, त्याच्या जवळपास दहापट रक्कम वर्षभर पगारातून जास्त कापली जात होती.

ही चूक वर्ष संपल्यावरही दुरुस्त होते. ज्यांना धंद्याचं उत्पन्न नाही अशा पगारदारांना रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते. कार्यालयात जुनी कळवलेली असली तरी रिटर्न नव्या प्रणालीत भरता येतं आणि जास्त कापलेला कर परत मिळतो. उलट दिशेने जायचं असेल, म्हणजे जुनी प्रणाली हवी असेल, तर रिटर्न मुदतीच्या आत भरणं आवश्यक आहे.

नव्या प्रणालीत खरोखर ३० टक्के कुणाला?

ज्यांचं करपात्र उत्पन्न २४ लाखांच्या वर आहे त्यांना. खान्देशात हे म्हणजे मोठ्या कंपन्यांचे वरिष्ठ व्यवस्थापक, मोठ्या रुग्णालयांतले पगारी तज्ज्ञ डॉक्टर किंवा पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम जळगाव-धुळ्यातल्या घरून करणारे अनुभवी संगणक अभियंते. इथे बोनस हजारांत नसून लाखांत असतो, त्यामुळे हिशोब चुकला तर खर्चाचं नियोजनही चुकतं.

समजा जळगावातल्या एका व्यवस्थापकाचा ठरलेला पगार २७,७५,००० रुपये आहे आणि ऑक्टोबरमध्ये त्याला ३ लाख रुपये बोनस मिळाला. बोनसविना करपात्र उत्पन्न २७ लाख. पहिल्या २४ लाखांवर ३ लाख आणि वरच्या ३ लाखांवर ९० हजार, असा कर ३,९०,०००. सेससह ४,०५,६००. बोनससह उत्पन्न ३० लाख आणि कर ४,९९,२००.

फरक ९३,६०० रुपये. म्हणजे ३ लाखांतले २,०६,४०० हातात येणार. गाडीचा पहिला हप्ता किंवा घराचं टोकन ठरवताना याच आकड्यावर बोट ठेवायचं, तीन लाखांवर नाही.

बोनस दोन स्लॅबच्या सीमेवर पडला तर हिशोब थोडा बदलतो. ठरलेल्या पगाराचं करपात्र उत्पन्न २३ लाख असेल, तर बोनसमधल्या पहिल्या एका लाखाला २५ टक्के आणि उरलेल्या दोन लाखांना ३० टक्के लागतील. कर सेससह ८८,४०० आणि हातात २,११,६००. सरसकट ३१.२ टक्के लावून चालत नाही, ते यासाठी.

मग स्लिपवर वेगळाच आकडा का दिसतो?

कारण बोनसवर येणारा कर आणि त्या महिन्यात कापलेला टीडीएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाने वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज घेऊन दर महिन्याला कर कापायचा असतो आणि मध्येच उत्पन्न वाढलं, तर उरलेल्या महिन्यांत कपात जुळवून घेता येते.

वरच्या व्यवस्थापकाचे ९३,६०० रुपये कापण्याचे दोन रस्ते आहेत. कंपनीने ते सगळे ऑक्टोबरमध्येच कापले, तर बोनसचे २,०६,४०० दिसतील आणि पुढचे पगार नेहमीसारखे येतील. कंपनीने ते ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत वाटले, तर दर महिन्याला १५,६०० जास्त कापले जातील. ऑक्टोबरमध्ये बोनसचे २,८४,४०० हातात पडतील. माणूस खूश होईल आणि नोव्हेंबरपासून "पगार का कमी झाला?" म्हणत एचआरच्या दारात उभा राहील. मार्चअखेर दोघांचा हिशोब सारखाच.

त्यामुळे बोनस आला की पहिला प्रश्न विचारायचा तो असा: याचा कर एकदम कापला आहे की मार्चपर्यंत वाटला आहे? वाटला असेल, तर उरलेली रक्कम आपली नाही हे धरून चालायचं.

बोनसच्या महिन्यात ३१.२ टक्क्यांपेक्षाही जास्त कपात दिसली, तर त्यात बोनसशिवाय दुसरं काहीतरी मिसळलेलं असण्याची शक्यता असते. जुन्या प्रणालीत कळवलेल्या गुंतवणुकीच्या पावत्या दिलेल्या नसतील, तर त्याचा राहिलेला करही त्याच महिन्यात वसूल होतो. कधी उचल किंवा कर्जाचा हप्ता असतो. उत्पन्न ५० लाखांच्या वर असेल, तर अधिभारामुळे दर खरोखरच वाढतो. स्लिपवर आयकराची ओळ वेगळी वाचली की हे लगेच लक्षात येतं.

वरच्या स्लॅबमध्ये काही वाचवता येतं का?

नव्या प्रणालीत रस्ता अरुंद आहे. खासगी नोकरीत कंपनी तयार असेल, तर पगाराची रचना बदलून त्यातला काही भाग कंपनीने थेट एनपीएसमध्ये भरावा, असं ठरवता येतं. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत ही रक्कम करातून वजा होते. पण हे आधी ठरवावं लागतं. बोनस खात्यात जमा झाल्यावर कर्मचाऱ्याने स्वतः एनपीएसमध्ये पैसे भरले, तर नव्या प्रणालीत त्याची वजावट नाही. शिवाय तो पैसा निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकून राहतो, हे लक्षात घेऊनच निर्णय घ्यावा.

बोनस आल्यावर दहा मिनिटांचा हिशोब

वर्षाचा एकूण पगार लिहा. त्यातून ७५ हजार वजा करा आणि ठेवींचं व्याज मिळवा. येणारा आकडा कोणत्या थरात आहे ते बघा.

तो बोनस धरूनही १२ लाखांच्या आत असेल, तर बोनस पूर्ण तुमचा. बोनसमुळे १२ लाखांची रेघ ओलांडत असाल किंवा आधीच १२ लाख ते १२ लाख ७० हजारांच्या मध्ये असाल, तर सावध व्हा. रेघेच्या वर गेलेले पैसे बहुतेक करात जातील. त्याच्या पुढे १६ लाखांपर्यंत शंभरातले ८४ रुपये ४० पैसे हातात येतात आणि २४ लाखांच्या पुढे ६८ रुपये ८० पैसे.

वर्षअखेरीस फॉर्म १६ मिळाला की त्यातला कापलेला कर आणि आयकराच्या पोर्टलवरच्या फॉर्म २६एएसमधला जमा झालेला कर हे दोन आकडे जुळवा. स्लिपवर कापला गेलेला कर २६एएसमध्ये दिसत नसेल, तर रिटर्न भरण्याआधी कार्यालयाकडून तो दुरुस्त करून घ्या. नाहीतर बोनसवरचा कर एकदा कापला जाऊनही पुन्हा भरण्याची नोटीस तुमच्याच नावाने येईल.